वेल्डिंगची ठिणगी आणि पॅकिंगचा साठा: फायर वॉच, अग्निशामकाचा वापर आणि आगीनंतरची तपासणी

लहान कारखान्यांत वेल्डिंगमुळे लागलेल्या आगींची माहिती घेतली, तर एक गोष्ट वारंवार आढळते: ज्वाळा दिसल्या तेव्हा वेल्डिंग चालू नव्हते. काम आटोपून वेल्डर हातपाय धुवायला गेलेला असतो, मशीन बंद असते, आणि मग पॅकिंगच्या बाजूने जळका वास येऊ लागतो. ठिणगी पडणे आणि आग दिसणे यांत हा जो वेळ जातो, त्याभोवतीच पुढील सर्व व्यवस्था उभी करायची आहे. पुठ्ठ्याची खोकी, बबल रॅप, थर्माकोल आणि लाकडी पॅलेट यांचा साठा शेजारी असलेल्या शेडमध्ये वेल्डिंग करताना काय करावे, आग लागलीच तर ती कशी विझवावी आणि विझल्यावर नुकसान कसे शोधावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. समजायला सोपे जावे म्हणून पुण्याजवळच्या औद्योगिक परिसरातील एका लहान शेडमधील घटना सोबत ठेवली आहे.

घटना अशी घडली

शेडचे दोन भाग होते. एका बाजूला फॅब्रिकेशन आणि दुसऱ्या बाजूला पॅकिंग व डिस्पॅच. मध्ये जीआय पत्र्याचे पार्टिशन होते आणि पत्र्याच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत सुमारे 25 मिलिमीटरची फट होती, म्हणजे जेमतेम बोट जाईल इतकी. पार्टिशनला लागूनच असलेल्या लोखंडी खांबावर, जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंचीवर, केबल ट्रेसाठी ब्रॅकेट जोडायचे होते. काम चाळीस मिनिटांचे होते. वेल्डरने आपल्या बाजूची जागा झाडून घेतली, तेलाचा डबा हलवला आणि पावडरचा एक अग्निशामक सिलिंडर जवळ आणून ठेवला. पार्टिशनच्या पलीकडे मात्र कोणी डोकावले नाही. तेथे सपाट घड्या केलेल्या खोक्यांचे गठ्ठे पॅलेटवर रचून ती पॅलेट पत्र्याला चिकटून ठेवलेली होती, आणि त्यांच्यावर बबल रॅपचे रोल होते.

पाच वाजून दहा मिनिटांनी वेल्डिंग थांबले. हेल्परला अर्धा तास थांबायला सांगितले होते, त्याप्रमाणे तो फॅब्रिकेशनच्या बाजूला थांबला आणि पाच चाळीसला निघून गेला. पाच पंचावन्नच्या सुमारास वॉचमनला जळक्या कागदाचा वास आला आणि पार्टिशनच्या वरून निघणारा पांढुरका धूर दिसला. त्याने पावडरचा सिलिंडर पूर्ण वापरला, ज्वाळा गेल्या, आणि तीन-चार मिनिटांनी त्याच गठ्ठ्याच्या मधून पुन्हा आग वर आली.

या घटनेत कोणी जखमी झाले नाही. मात्र तिच्यातील प्रत्येक टप्पा नेमका कोठे निसटला, हे समजून घेण्याजोगे आहे.

ठिणगी पुठ्ठ्यात कशी टिकते

वेल्डिंगमधून उडणारा स्पॅटर म्हणजे वितळलेल्या पोलादाचे थेंब. पोलाद सुमारे 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्यामुळे उडताना हे थेंब त्या पातळीचे तापलेले असतात. अगदी बारीक थेंब हवेतच थंड होतात, परंतु दोन-तीन मिलिमीटरचा मणी जमिनीवर पडून उसळ्या घेत, घरंगळत बराच दूर जातो आणि तोवर त्यात पुरेशी उष्णता शिल्लक असते. कागद पेटायला साधारण 230 अंश पुरतात.

पुठ्ठ्याच्या सपाट पृष्ठभागावर पडलेला मणी बहुधा तपकिरी डाग पाडून ओघळून जातो. धोका कापलेल्या कडेला असतो. कडेच्या बाजूने पाहिल्यास पुठ्ठ्यातील नागमोडी पन्हळ्या उघड्या दिसतात, आणि मणी त्या पन्हळीत शिरला की तीन बाजूंनी कागदाने वेढला जातो. उष्णता बाहेर जात नाही, हवा थोडीशीच मिळते, त्यामुळे ज्वाळा न येता कागद नुसता धुमसत राहतो. हे धुमसणे गठ्ठ्याच्या आत सावकाश पुढे सरकते. बाहेरून ना ज्वाळा दिसते, ना सुरुवातीला फारसा धूर. एखाद्या क्षणी ते गठ्ठ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचते, भरपूर हवा मिळते आणि मग काही सेकंदांत ज्वाळा उठतात. प्रस्तुत घटनेत हे व्हायला पाऊण तास लागला. कधी त्याहून कमी लागतो, तर कधी कितीतरी जास्त.

बबल रॅप आणि थर्माकोल यांची रीत निराळी आहे. तापलेला मणी त्यांना वितळवून भोक पाडतो आणि खालच्या थरात उतरतो, म्हणजे वरून पाहणाऱ्याला फक्त एक छोटे भोक दिसते. एकदा ते पेटले की वितळलेल्या प्लास्टिकचे जळते थेंब खाली गळतात आणि पॅलेटच्या फळ्यांखाली, जेथे झाडूही नीट पोहोचत नाही, तेथे नवी आग लावतात.

स्पॅटरइतकेच लक्ष रॉडच्या थोटकांकडे द्यावे. होल्डरमधून काढून फेकलेले थोटूक लालभडक असते आणि मण्यापेक्षा वस्तुमानाने कितीतरी मोठे असल्यामुळे बराच वेळ तापलेले राहते. ते वाळू भरलेल्या लोखंडी डब्यातच टाकले जावे, असा दंडक असावा. गॅस कटिंगमध्ये तर धातूचा गाळ प्रचंड प्रमाणात आणि जोराने खाली उडतो, त्यामुळे पॅकिंगच्या साठ्याजवळ गॅस कटिंगचा विचारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो भाग उचलून बाहेर नेऊन कापावा.

पहिली पायरी: काम तेथेच करायला हवे का

हॉट वर्क परमिट, म्हणजे ठिणग्या उडवणाऱ्या कामाची लेखी परवानगी, लिहिण्याआधी हा प्रश्न विचारावा. वरील घटनेतील ब्रॅकेट बोल्टने बसवता आले असते, किंवा क्लँपचा उपयोग झाला असता. लोखंडी खांबावर वेल्डिंग हा सवयीचा मार्ग असतो, एकमेव नसतो. काम हलवता येत नसेल आणि दुसरी पद्धतही शक्य नसेल, तरच पुढे जावे.

दुसरी पायरी: अकरा मीटरचे वर्तुळ आणि त्याचा पलीकडचा भाग

वेल्डिंगच्या जागेपासून चहूबाजूंनी 11 मीटर, म्हणजे 35 फूट, एवढ्या अंतरात जळण्याजोगे काही राहू नये, हा जगभर वापरला जाणारा नियम आहे. काम उंचावर असेल तर ठिणग्या आणखी दूर जातात, म्हणून अंतर वाढवावे. लहान शेडमध्ये एवढी जागा मिळणे अवघड असते, हे खरे. तरीही टेप लावून प्रत्यक्ष अंतर मोजावे, कारण डोळ्यांच्या अंदाजाने पाच मीटरसुद्धा पुष्कळ वाटतात.

हे वर्तुळ भिंतीपाशी थांबत नाही. पार्टिशनच्या पलीकडे, माळ्याच्या वर आणि खाली, केबलच्या खंदकात आणि पत्र्यातील भोकांपाशी स्वतः जाऊन पाहावे. जमिनीवर बसून, फटीला टॉर्च लावून पलीकडून उजेड दिसतो का, ही तपासणी दोन मिनिटांची आहे. उजेड जातो तेथून मणीही जातो. शिवाय पत्र्यावर किंवा पत्र्याला जोडलेल्या खांबावरच वेल्डिंग असेल, तर ठिणगी पलीकडे न जाताही उष्णता धातूतून वाहते आणि पत्र्याला टेकलेला पुठ्ठा तापवू शकते. म्हणून साठा पार्टिशनपासून दूर ओढलाच पाहिजे.

जे हलवता येते ते हलवावे. पॅकिंगचा माल बहुधा पॅलेटवर असतो आणि हँड पॅलेट ट्रकने दहा पॅलेट बाजूला करायला अर्धा तास पुरतो. जे हलवता येत नाही ते वेल्डिंगसाठी बनवलेल्या अग्निरोधक ब्लँकेटने झाकावे. झाकताना ब्लँकेट वरून नुसते टाकून भागत नाही, तर ते बाजूंनी जमिनीपर्यंत उतरावे आणि दोन ब्लँकेट एकमेकांवर किमान वीतभर चढलेली असावीत. प्लास्टिकची ताडपत्री येथे कामाची नाही, ती स्वतःच वितळून पेटते. ओले गोणपाट पुष्कळ ठिकाणी वापरले जाते, परंतु ते वाळते, त्यातून मणी आरपार जातो, आणि इलेक्ट्रिक वेल्डिंगजवळ ओलावा पसरवणे म्हणजे शॉकचा धोका वाढवणे होय. फटी ब्लँकेटच्या गुंडाळीने किंवा खनिज लोकरीने बंद कराव्यात.

त्यानंतर जमीन झाडून घ्यावी. पुठ्ठ्याचा भुसा, स्ट्रेच फिल्मचे तुकडे आणि थर्माकोलचे दाणे हेच बहुधा आधी पेटतात आणि मोठ्या गठ्ठ्यापर्यंत आग नेतात.

तिसरी पायरी: परमिट आणि फायर वॉचवरचा माणूस

हॉट वर्क परमिट म्हणजे निव्वळ सहीचा कागद नव्हे. त्यावर कामाची नेमकी जागा, सुरू आणि संपण्याची वेळ, पलीकडची बाजू कोणी पाहिली त्याचे नाव, आणि फायर वॉच, म्हणजे काम चालू असताना व संपल्यावर आगीसाठीचा पहारा, कोण करणार व किती वाजेपर्यंत, एवढे लिहिलेले असावे. परमिट त्याच दिवसाच्या त्याच कामापुरते असावे. जागा बदलली की नवीन परमिट. सही करणाऱ्याने जागेवर जाऊनच सही करावी.

फायर वॉचसाठी नेमलेल्या माणसाकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. वेल्डर स्वतः हे काम करू शकत नाही, कारण काच डोळ्यांवर असताना त्याला हातभर अंतरावरचेही काही दिसत नाही. हेल्परला रॉड देणे, जॉब धरणे आणि पहाराही करणे, अशी तीन कामे दिली तर पहारा होत नाही. प्रस्तुत घटनेसारखी रचना असेल तर दोन माणसे लागतात, पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना एकेक. दोघांनाही वेल्डिंग थांबवण्याचा अधिकार आधीच दिलेला असावा. पार्टिशनवर ठोकले की काम थांबवायचे, असा साधा संकेतही पुरतो, पण तो वेल्डरला माहीत हवा.

त्या माणसाला अग्निशामक चालवता यायला हवा, मेन स्विच आणि बाहेर जाण्याचा रस्ता ठाऊक हवा, आणि खिशात चालू फोन हवा. अग्निशमन दलाचा 101 आणि आपत्कालीन 112 हे क्रमांक परमिटवरच छापून ठेवावेत.

आता मुख्य प्रश्न पहाऱ्याच्या कालावधीचा. अर्ध्या तासाची जुनी प्रथा आपल्याकडे अजूनही चालते. अमेरिकेतील एनएफपीए 51बी या मानकातही पूर्वी अर्धा तासच होता. 2019च्या आवृत्तीत तो वाढवून एक तास करण्यात आला. वरील घटनेत हेल्पर पाच चाळीसला गेला आणि धूर पाच पंचावन्नला दिसला. एक तासाचा पहारा असता, तर तो सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत तेथे असता आणि वास त्यालाच प्रथम आला असता. पुठ्ठ्याचे गठ्ठे जवळ असतील तर एका तासाचा सलग पहारा आणि त्यानंतर आणखी तीन तास दर अर्ध्या तासाने फेरी, ही माझ्या मते सुरक्षित रीत आहे. म्हणूनच असे काम शनिवारी संध्याकाळी किंवा शिफ्ट सुटताना काढू नये. दुपारी दोनपर्यंत वेल्डिंग संपेल अशा बेताने ते सकाळी घ्यावे, म्हणजे पुढचे चार तास शेडमध्ये माणसे असतात.

पहारा करणाऱ्याने एका जागी खुर्ची टाकून बसू नये. साठ्याभोवती फिरावे, खाली वाकून पॅलेटखाली पाहावे, पत्र्याला आणि जवळच्या गठ्ठ्यांना हाताची पालथी बाजू लावून ऊब जाणवते का ते तपासावे. धुमसणाऱ्या पुठ्ठ्याचा वास ज्वाळेच्या किती तरी आधी येतो, आणि त्यासाठी एक्झॉस्ट पंखे काही मिनिटे बंद ठेवून वास घेणे उपयोगी पडते.

चौथी पायरी: कोणता अग्निशामक आणि कोठे ठेवायचा

आपल्या शेडमध्ये सर्रास आढळतो तो एबीसी पावडरचा सिलिंडर. कागद, लाकूड, तेल आणि विजेच्या साधनांवरही तो चालतो, म्हणून तो ठेवावाच. पण पॅकिंगच्या साठ्यासाठी त्याची एक मर्यादा नीट ओळखावी: पावडर ज्वाळा मारते, गठ्ठ्याच्या आतील निखारे थंड करत नाही. पावडर गठ्ठ्याच्या पृष्ठभागावर बसते आणि आत धुमसणे चालूच राहते. वॉचमनने पावडर मारल्यावर तीन-चार मिनिटांनी आग परत आली, ती याच कारणाने. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर विजेच्या पॅनलसाठी उत्तम असला, तरी पुठ्ठ्यावर तो याहूनही कुचकामी ठरतो, कारण वायू उडून जातो आणि निखारे तसेच राहतात.

गठ्ठ्याला पाणीच हवे. म्हणून पॅकिंगशेजारच्या वेल्डिंगसाठी 6 किलोचा एक एबीसी सिलिंडर आणि 9 लिटरचे दोन पाण्याचे अग्निशामक, एवढी तयारी असावी. हायड्रंट किंवा होज रील असल्यास ती उलगडून, पाणी चालू करून पाहून, हाताशी ठेवावी. सिलिंडर आगीच्या बाजूला न ठेवता बाहेर पडण्याच्या रस्त्याच्या बाजूला ठेवावेत, म्हणजे ते घेताना माणूस आपोआप सुरक्षित बाजूला उभा राहतो. काम सुरू करण्याआधी गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिनचे सील अखंड आहे का, नळी चिरलेली नाही ना आणि सर्व्हिसची तारीख उलटलेली नाही ना, हे पाहावे.

पाचवी पायरी: आग दिसल्यावरची पहिली पाच मिनिटे

प्रथम ओरडून सर्वांना सावध करावे आणि दुसऱ्या माणसाला 101 लावायला सांगावे. आग लहान आहे म्हणून फोन लांबवू नये; ती विझली तर दलाला तसे कळवता येते. वेल्डिंग मशीन बंद करावे आणि गॅसचे सिलिंडर जवळ असतील व ते तापलेले नसतील, तर त्यांचे व्हॉल्व्ह बंद करावेत.

पिन काढावी आणि हवेत एक छोटा फवारा मारून सिलिंडर चालतो याची खात्री करावी. बाहेरचा दरवाजा पाठीशी ठेवून, आगीपासून सुमारे अडीच ते तीन मीटरवर उभे राहावे. फार जवळून जोराचा फवारा मारला, तर थर्माकोलचे जळते तुकडे आणि पुठ्ठ्याच्या जळक्या पापुद्र्या उडून आग पसरते. नोझल ज्वाळेच्या शेंड्यावर न धरता बुडाशी धरावे आणि डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखे फिरवावे. 6 किलोचा सिलिंडर साधारण पंधरा-वीस सेकंदांत संपतो, एवढाच वेळ हाती असतो. ज्वाळा पडल्यावर पाठ न वळवता मागे सरकावे.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुधा राहून जाते. त्या भागाचा वीजपुरवठा बंद केल्याची खात्री झाल्यावर पाण्याचा अग्निशामक घ्यावा आणि गठ्ठ्याच्या कडांमध्ये, पन्हळ्यांच्या दिशेने पाणी मारावे. धूर कमी झाल्यावर गठ्ठा हँड पॅलेट ट्रकने किंवा लांब आकड्याने शेडबाहेर मोकळ्या जागेत काढावा, पट्ट्या कापाव्यात आणि खोकी एकेक करून सुटी करावीत. आतला काळा पोकळ भाग उघडा पडला, की त्यावर पाणी ओतून तो पूर्ण भिजवावा. गठ्ठा उघडताना आत हवा शिरते आणि ज्वाळा एकदम उठू शकतात, म्हणून पाणी हातात असल्याशिवाय पट्टी कापू नये, आणि शेडच्या आत तर मुळीच उघडू नये. प्रस्तुत घटनेत दुसऱ्यांदा आग वर आल्यावर कामगारांनी मेन स्विच पाडला, शेडमधील पाण्याचे दोन अग्निशामक वापरले आणि गठ्ठे बाहेर ओढले. तोवर पोहोचलेल्या अग्निशमन दलाने ते सुटे करून होजने भिजवले. बाहेरून फक्त एका कोपऱ्यात जळलेल्या गठ्ठ्याच्या पोटात नारळ मावेल एवढी पोकळी जळून गेली होती.

विझवण्याचा प्रयत्न कोठे सोडून द्यायचा, हेही आधी ठरलेले असावे. आग माणसाच्या उंचीच्या वर गेली, एक सिलिंडर संपूनही ज्वाळा कमी झाल्या नाहीत, धूर डोक्याच्या पातळीपर्यंत उतरला, किंवा पाठीमागचा रस्ता धुराने भरू लागला, यांपैकी काहीही झाले की बाहेर पडावे आणि जाता जाता दरवाजा ओढून घ्यावा. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या काळ्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू असतात आणि दोन-चार श्वासांतच माणसाचे भान जाऊ शकते.

ॲसिटिलीनचा सिलिंडर आगीत तापला असेल, तर त्याला हात लावू नये, हलवू नये, व्हॉल्व्ह उघडू नये. त्याच्या आतील वायूचे विघटन बाहेरची आग विझल्यावरही चालू राहू शकते आणि बराच वेळानंतर स्फोट होऊ शकतो. सर्वांना दूर न्यावे आणि अग्निशमन दलाला पहिल्याच वाक्यात सांगावे की आत ॲसिटिलीन आहे.

सहावी पायरी: आगीचे मूळ शोधणे

साफसफाईचा मोह सर्वांनाच होतो. परंतु आधी फोटो घ्यावेत: दुरून संपूर्ण शेडचे, मग प्रत्येक भागाचे, आणि शेवटी जवळून. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत जळालेला माल टाकून देऊ नये.

मूळ साधारणपणे सर्वांत खोल जळालेल्या आणि सर्वांत खालच्या जागी सापडते. पत्र्यावर वर रुंद होत गेलेली काजळीची खूण दिसते, तिचे टोक खाली कोठे येते ते पाहावे. तेथील राख एका ट्रेमध्ये घ्यावी, लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवावा आणि मग चुंबक पिशवीतून बाहेर काढावा. पिशवीला चिकटलेले कण खाली पडतात, आणि त्यांत गुळगुळीत, गोल, निळसर-काळे मणी असतील, तर ते स्पॅटरचे असतात. प्रस्तुत घटनेत असे मणी पॅकिंगच्या बाजूला, फटीपासून सुमारे दीड मीटर अंतरापर्यंत सापडले. एक सावधगिरी मात्र हवी: पूर्वीच्या एखाद्या वेल्डिंगचे मणीही तेथे पडलेले असू शकतात, म्हणून मणी सापडणे हा एकटा पुरावा नव्हे. जळण्याची खोली, कामाची वेळ आणि जवळ दुसरा उष्णतेचा स्रोत नसणे, या सर्व गोष्टी जुळल्या पाहिजेत. शेजारची वायरिंग आणि लाइटचे फिटिंग तपासूनच ती शक्यता बाजूला काढावी.

उष्णता कोठपर्यंत पोहोचली, हे वितळलेल्या वस्तू सांगतात. बबल रॅप सुमारे 110 अंशांना वितळतो. एखाद्या जागी बबल रॅप गोळा झाला आहे आणि त्याखालची खोकी मात्र करपलेली नाहीत, याचा अर्थ तेथील तापमान वितळण्याच्या पुढे पण कागद पेटण्याच्या अलीकडे राहिले. जीआय पत्र्यावरील जस्त सुमारे 420 अंशांना वितळते, त्यामुळे पत्र्यावर जस्ताचे ओघळ दिसले तर तेथील खांब व कैची नीट तपासावी, कारण पोलादाची ताकद साधारण 400 अंशांनंतर घटू लागते. खांबाला दोरी लावून तो सरळ आहे का ते पाहावे. बाक दिसला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालाशिवाय त्यावर भार देऊ नये.

सातवी पायरी: न जळालेल्या वस्तूंचे नुकसान

या घटनेत जळालेल्या पुठ्ठ्याची किंमत फारशी नव्हती. खरे नुकसान जेथे आग पोहोचलीच नाही तेथे झाले.

पहिले नुकसान पावडरचे. एबीसी पावडरमधील मोनोअमोनियम फॉस्फेट दमटपणा शोषून घेते आणि ओलसर झाल्यावर आम्लधर्मी होते. पार्टिशनजवळच्या कंट्रोल पॅनलच्या फटींमधून ती आत गेली होती. अशी पावडर हवेच्या पाइपने उडवू नये, ती आणखी आत, काँटॅक्टरमध्ये आणि कनेक्टरमध्ये जाते. पुरवठा पूर्ण बंद करून व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढून घ्यावी, मग कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. हे काम दुसऱ्या दिवशीच व्हावे. पावसाळ्यात तर तासांचाही उशीर महागात पडतो.

दुसरे नुकसान धुराचे. छताजवळून गेलेल्या काही पीव्हीसी केबलचे आवरण जळाले होते. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो हवेतील ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो आणि लांबवरच्या यंत्रांवर व मशीनिंग केलेल्या भागांवर बसतो. पाठवणीसाठी तयार असलेले पॉलिश केलेले शाफ्ट आगीपासून आठ-दहा मीटरवर होते आणि आगीच्या रात्री चकचकीत दिसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर तांबूस ठिपके उठले. हे टाळण्यासाठी पीएच पट्टीची चाचणी करावी: डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेला कापूस पृष्ठभागावर फिरवून पट्टीला लावावा. पट्टीने आम्ल दाखवले, तर तो भाग लगेच सौम्य क्षारधर्मी क्लीनरने पुसून, कोरडा करून, गंजरोधक तेल लावावे. लेथ आणि मिलिंग मशीनच्या उघड्या स्लाइडवरही हेच करावे. काजळी कोरड्या फडक्याने घासू नये, ती रुतते.

तिसरे नुकसान विजेचे. केबल बाहेरून ठीक दिसली तरी आवरण आतून कडक झालेले असू शकते. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने 500 व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजल्याशिवाय मेन स्विच वर करू नये. एक मेगाओमच्या खाली आलेले सर्किट वेगळे काढून ठेवावे. पाणी मारलेल्या बाजूची मोटर आधी वाळवावी, मग मोजावी. वेल्डिंगची केबल आणि गॅसच्या होज तापल्या असतील, तर त्या दुरुस्त न करता बदलाव्यात.

वापरलेले सर्व अग्निशामक, अगदी दोन सेकंदच दाबलेलेही, रिफिलला पाठवावेत. थोडी पावडर व्हॉल्व्हच्या सीटवर अडकून राहते आणि सिलिंडरमधील दाब हळूहळू निघून जातो. महिन्याभराने तोच सिलिंडर रिकामा निघतो. रिफिल होऊन येईपर्यंत बदली सिलिंडर जागेवर ठेवावा आणि तोवर शेडमध्ये कोणतेही परमिट देऊ नये.

या शेडमध्ये काम पुन्हा सुरू करण्याआधी पार्टिशनच्या खाली जमिनीला टेकणारी लोखंडी पट्टी बसवून फट बंद करण्यात आली, पार्टिशनपासून एक मीटरवर पिवळी रेषा मारून तिच्या आत काहीही ठेवण्यास बंदी केली गेली, आणि पॅकिंगचा साठा दोन दिवसांच्या गरजेपुरता आणून बाकीचा माल वेगळ्या खोलीत हलवला गेला. परमिटच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढवला: पलीकडची बाजू पाहणाऱ्याची सही आणि वेळ.